साप्ताहिक कॉलचा सारांश: ठरलेला साचा आणि त्याविषयीचे गैरसमज

एका स्वयंसेवी संस्थेचे हातपंप दुरुस्तीचे काम चार तालुक्यांत चालते आणि दर बुधवारी सकाळी तालुका समन्वयकांचा कॉल होतो, असे समजा. कॉल संपला की कोणीतरी सारांश लिहून सगळ्यांना पाठवतो. पहिल्या आठवड्याचा सारांश सांगतो, ‘पंप दुरुस्तीच्या अडचणींवर सविस्तर चर्चा झाली.’ दुसऱ्या आठवड्यात लिहिणारा बदलतो आणि मजकूर येतो, ‘दुरुस्तीचे काम प्रगतिपथावर आहे, काही ठिकाणी पाइपांची वाट पाहत आहोत.’ तिसऱ्यात, ‘दोन गावांत अजून प्रश्न आहे.’ तिन्ही वाक्ये खरी आहेत. पण तिसऱ्या आठवड्यातली ती दोन गावे पहिल्या आठवड्यापासून थांबलेली आहेत की नव्याने अडकली, हे तिन्ही सारांश शेजारी ठेवूनही कळत नाही. नेमके तेच कळावे म्हणून दर आठवड्याला एकच साचा वापरायचा असतो. या साच्याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत.

शीर्षके दिली की साचा तयार झाला?

‘उपस्थिती, चर्चा, निर्णय, इतर’ अशी शीर्षके बहुतेक कार्यालयांत असतात. त्यातल्या ‘चर्चा’ या शीर्षकाखाली काहीही लिहिता येते, म्हणून दोन आठवड्यांची तुलना तिथे होत नाही. रकान्याला नावाबरोबर एका ओळीची व्याख्या आणि उत्तराचा ठरलेला आकार लागतो. ‘बंद पंप’ म्हणजे अजिबात पाणी न येणारा पंप, कमी पाणी येणारा नव्हे. आकडा मंगळवारी संध्याकाळपर्यंतचा. एवढे लिहून ठेवले तरच चारही तालुके एकच गोष्ट मोजतात.

भरलेला साचा साधारण असा दिसेल:

```
कॉल: २२
बंद पंप: मागील ९ + नवे ३ − दुरुस्त ५ = ७
निर्णय: वायसरचा साठा तालुक्यालाच ठेवायचा
काम: क-४१ | वायसर मागवणे | भांडारपाल | पुढचा सोमवार
अडथळा: अ-१७ | दोन पंपांना पाइप नाहीत | पहिली नोंद: कॉल १९
गावांच्या तक्रारी: विचारले नाही
टिपण: (जास्तीत जास्त तीन ओळी)
```

यातला सर्वांत कामाचा भाग म्हणजे ‘पहिली नोंद’. अडथळ्याला क्रमांक मिळाला आणि तो पहिल्यांदा कोणत्या कॉलमध्ये आला हे सोबत राहिले, की ‘दोन पंपांना पाइप नाहीत’ हे वाक्य तीन आठवडे जुने आहे हे वाचणाऱ्याला तिथल्या तिथे दिसते. अडथळा सुटेपर्यंत त्याचा क्रमांक बदलत नाही, मग सारांश कोणीही लिहो.

बंद पंपांच्या ओळीतली बेरीज-वजाबाकीही मुद्दाम ठेवलेली आहे. पुढच्या कॉलमध्ये २ नवे पंप बंद पडले आणि ३ दुरुस्त झाले, तर आकडा ६ यायला हवा. समन्वयकांनी सांगितलेली बेरीज ८ निघाली, तर कुठेतरी गफलत आहे हे लगेच उघड होते. शोध घेतल्यावर सापडते की एका तालुक्यातल्या नव्या माणसाने कमी पाणी देणारे दोन पंप ‘बंद’ धरले होते. नुसते ‘८ पंप बंद’ असे लिहिले असते, तर कोणालाही शंका आली नसती आणि दोन जास्तीचे पंप पुढे प्रत्येक आठवड्यात वाहत राहिले असते.

लिहिण्यासारखे नसेल तर रकाना काढून टाकावा?

सारांश सुटसुटीत दिसावा म्हणून रिकामे रकाने पुसले जातात आणि तिथेच माहिती हरवते. रकान्यात काही नसण्याची दोन अगदी वेगळी कारणे असतात: विचारले आणि खरेच काही नव्हते, किंवा विचारलेच नाही. वरच्या नमुन्यात तक्रारींपुढे ‘विचारले नाही’ असे लिहिले आहे ते याच कारणाने. तिथे ‘नाहीत’ लिहिले असते, तर तो आठवडा तक्रारमुक्त म्हणून मोजला गेला असता.

विमानतळांच्या हवामान अहवालांत हा भेद फार काटेकोरपणे पाळला जातो. METAR नावाचे हे अहवाल मुंबईपासून लंडनपर्यंत एकाच क्रमाने लिहितात: ठिकाण, वेळ, वारा, दृश्यता, हवामान, ढग, तापमान, दाब. ढगांच्या जागी `NSC` आले, तर उड्डाणाच्या दृष्टीने महत्त्वाचे ढग नाहीत. `NCD` आले, तर स्वयंचलित यंत्रणेला ढग आढळले नाहीत. नुसत्या तिरक्या रेघा आल्या, तर ती माहितीच उपलब्ध नाही. वैमानिकाच्या दृष्टीने या तिन्ही गोष्टी एक नाहीत, म्हणून तिन्हींना वेगळी खूण आहे. हातपंपांच्या सारांशाला एवढ्या खुणा लागत नाहीत, पण ‘नाही’ आणि ‘विचारले नाही’ या दोन तरी हव्यातच.

साच्यामुळे वेळ वाढतो?

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. तिला उत्तर देणारा चांगला पुरावा रुग्णालयांतून मिळतो, जिथे पाळी बदलताना एक डॉक्टर दुसऱ्याकडे रुग्णांची माहिती सोपवतो. त्यासाठी I-PASS नावाचा पाच भागांचा साचा आहे: आजाराची तीव्रता, रुग्णाचा सारांश, करायची कामे, काय बिघडू शकते व तेव्हा काय करायचे, आणि ऐकणाऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगणे. अमेरिका आणि कॅनडातल्या ९ रुग्णालयांत त्याची पाहणी झाली आणि निष्कर्ष २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. तोंडी माहिती द्यायला दर रुग्णामागे आधी २.४ मिनिटे लागत होती, नंतर २.५; म्हणजे फरक जवळपास नाहीच.

या आकड्यांचे सगळे श्रेय साच्याला देणे मात्र चूक ठरेल. त्या रुग्णालयांत डॉक्टरांना प्रशिक्षण दिले गेले, त्यांची माहिती देण्याची पद्धत पाहून सूचना केल्या गेल्या आणि उपक्रम टिकावा म्हणून मोहीमही चालली. नुसता कोरा साचा ईमेलने पाठवून तसा परिणाम मिळेल असे तो अभ्यास म्हणत नाही. साप्ताहिक कॉलमध्ये त्याचा अर्थ इतकाच की कॉल चालवणाऱ्याने रकान्यांच्या क्रमानेच विचारत जावे. कॉल मोकळा सोडून नंतर आठवून रकाने भरले, तर अर्धे अंदाजाने भरले जातात, आणि वेळ खरा तिथे जातो.

साच्यात न बसणारी गोष्ट सुटून जाते?

या भीतीत तथ्य आहे. एखादा समन्वयक सांगतो की गावात पंपावरून दोन वस्त्यांत तणाव आहे. ही गोष्ट कुठल्याच आकड्यात बसत नाही. त्यासाठी ‘टिपण’ हा मोकळा रकाना ठेवावा लागतो, आणि त्याला तीन ओळींची मर्यादाही हवी, नाहीतर हळूहळू सगळा सारांश तिथे जाऊन बसतो आणि बाकीचे रकाने ओस पडतात. एकच विषय टिपणात तीन-चार आठवडे सलग आला, तर त्याला स्वतःचा रकाना द्यावा.

म्हणजे साचा बदलावा लागतोच. फक्त तो आठवड्याच्या मध्ये, एकट्याने ठरवून बदलू नये. तिमाहीच्या सुरुवातीला बदल करावा, साच्यावर आवृत्तीचा क्रमांक टाकावा आणि जुन्या नावाला नवा अर्थ कधीही देऊ नये. संस्थेला पुढे कमी पाणी देणारे पंपही मोजायचे झाले, तर ‘बंद पंप’ची व्याख्या ताणून चालणार नाही, कारण मागच्या सगळ्या आठवड्यांचे आकडे त्या क्षणी निरुपयोगी होतील. ‘कमी पाण्याचे पंप’ असा वेगळा रकाना उघडावा, त्याची पहिली मोजणी कोणत्या कॉलपासून सुरू झाली ते साच्याच्या तळाशी लिहावे, आणि त्याआधीच्या आठवड्यांसमोर शून्य न मांडता ‘मोजले नाही’ असे नोंदवावे.