शेवटच्या दिवसाचा मेल

हिंजवडी असो, खराडी असो की नवी मुंबईतली ऐरोली, पेपर टाकलेल्या माणसाचा शेवटचा दिवस साधारण सारखाच जातो. सकाळी मॅनेजरशी दोन शब्द, मग ‘नो ड्यूज’साठी या मजल्यावरून त्या मजल्यावर फेऱ्या, दुपारी केक, चारच्या सुमाराला आयटीवाल्यांकडे लॅपटॉप आणि चार्जर जमा आणि जाता जाता गेटवर ओळखपत्र. या धावपळीतच कशीबशी पंधरा मिनिटं काढून ऑफिसातल्या सगळ्यांना निरोपाचा मेल जातो. विषयाच्या ओळीत ‘लास्ट वर्किंग डे’. आत ‘इथला प्रवास अविस्मरणीय होता’, ‘खूप शिकायला मिळालं’, ‘संपर्कात राहू’. आणि तळाशी रोजच्या मेलखाली आपोआप उमटणारी सही : कंपनीचं नाव, हुद्दा, टेबलावरच्या फोनचा एक्स्टेन्शन नंबर.

संपर्कात राहायचं म्हणतो तो माणूस, आणि पत्ता देतो त्या टेबलाचा, जिथे उद्यापासून दुसरं कुणी बसणार असतं!

ही चूक इतकी सर्रास होते याचं कारण सोपं आहे. सही मेलमध्ये स्वतःहून येते, त्यामुळे ती कुणी वाचत नाही. शिवाय आपला ऑफिसचा आयडी ‘आज संध्याकाळी’ बंद होणार एवढंच माहीत असतं, नक्की कधी ते कुणी विचारत नाही. काही कंपन्यांत एचआरच्या सिस्टीममध्ये शेवटची तारीख भरलेली असते आणि ठरलेल्या वेळी खातं आपोआप बंद होतं. काही ठिकाणी लॅपटॉप हातात आला की आयटीचा माणूस तिथल्या तिथे बंद करतो. म्हणजे पाच वाजता पाठवलेल्या मेलला सव्वापाचला आलेलं उत्तर वाचायला कुणी नसतं. नंतर लिहिणाऱ्याला तर मेल पोचला नाही अशी सूचना तरी येते, किंवा तीही येत नाही.

परदेशी टीमबरोबर काम करणाऱ्यांना हे घड्याळ जास्तच अडचणीचं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क पुण्याच्या साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. पुण्यात दुपारी बाराला पाठवलेला मेल तिकडचा माणूस सकाळी नऊला ऑफिसात येऊन उघडतो, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. चार वर्षं रोज ज्याच्याशी कॉलवर बोलणं झालं, त्याचा ‘ऑल द बेस्ट’ही पोचत नाही. म्हणून तिकडच्या मंडळींना मेल आदल्या दिवशी दुपारी पाठवावा आणि इथल्यांना शेवटच्या दिवशी सकाळी अकराच्या आसपास. जेवणाच्या सुट्टीत लोक टेबलापाशी येऊन भेटतात, तेही त्यामुळेच जमतं.

दुसरा प्रश्न मेल कुणाकुणाला जाणार याचा. मोठ्या कंपनीत सगळ्या कर्मचाऱ्यांचा मिळून एक पत्ता असतो. त्यावर पाठवलं की हजारो खात्यांत मेल पडतो, आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी त्या पत्त्यावर पाठवण्याची परवानगी मोजक्याच लोकांना असते. ती नसेल तर मेल परत येतो, आणि शेवटच्या तासाला मॅनेजरला शोधत फिरायची वेळ येते. परवानगी असली तरी तो पत्ता ‘टू’मध्ये न घालता ‘बीसीसी’मध्ये घालावा आणि ‘टू’मध्ये स्वतःचाच आयडी ठेवावा. मग कुणी ‘रिप्लाय ऑल’ दाबलं तरी उत्तर फक्त पाठवणाऱ्याकडे येतं.

याचं महत्त्व मायक्रोसॉफ्टने १९९७ साली स्वतःच्या घरात अनुभवलं. ‘बेडलाम डीएल३’ नावाच्या एका अंतर्गत यादीत सुमारे तेरा हजार लोक होते आणि आपण त्या यादीत आहोत हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊकच नव्हतं. एकाने ते पाहिलं आणि ‘माझं नाव काढा’ असा मेल थेट त्या यादीलाच पाठवला. त्यावर ‘माझंही काढा’ म्हणणारे धडाधड सुरू झाले, मग ‘सगळ्यांना उत्तर पाठवू नका’ असं सगळ्यांनाच पाठवणारे आले. सुमारे दीड कोटी मेल फिरले आणि कंपनीचे मेल सर्व्हर कोलमडले. ही डोकेदुखी इतकी चिवट, की त्याच कंपनीने २०२० साली आपल्या मेल सेवेत अशी लाट ओळखून काही तास उत्तरं अडवणारी सोय घातली. निरोपाच्या मेलवर एवढं काही घडत नाही. पण दोनशे लोकांना ‘वी विल मिस यू’चे साठ मेल आले, की निघणाऱ्याची आठवण वेगळ्याच कारणाने राहते.

आता मेलचा गाभा, म्हणजे स्वतःचा पत्ता. तो खरं तर महिना-दोन महिने आधीच तयार असायला हवा. बँक, विमा, लिंक्डइन, पीएफचं खातं यांपैकी कुठे ऑफिसचा आयडी दिलेला असेल तर तो नोटीस पिरियडमध्येच बदलून घ्यावा. एकदा खातं बंद झालं की पासवर्ड बदलण्याची लिंकसुद्धा त्या बंद खात्यातच जाऊन पडते. एचआरकडेही वैयक्तिक मेल आयडी नोंदलेला हवा, कारण फुल अँड फायनलचा हिशोब, रिलीव्हिंग लेटर आणि पगारावरच्या करकपातीचं प्रमाणपत्र हे सगळं माणूस गेल्यानंतर येतं.

सहकाऱ्यांसाठीचा पत्ता लिहिताना थोडं हात राखून लिहावं. हजार-दोन हजार लोकांना जाणाऱ्या मेलमध्ये मोबाईल नंबर टाकायलाच हवा असं मुळीच नाही. सगळ्यांना वैयक्तिक मेल आयडी आणि लिंक्डइनचा दुवा पुरतो. नंबर आपल्या टीमला वेगळ्या मेलमधून द्यावा. विशेषतः बायकांना याचा जाच होतो. ज्याच्याशी कधी ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे बोलणं झालं नाही, त्याचे रोजचे सुविचार व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागतात. नंबर द्यायचाच तर +91 लावून द्यावा, परदेशातल्यांना उपयोगी पडतो. तो मजकुरात टाइप करावा, चित्रात नको. म्हणजे मोबाईलवर बोट ठेवलं की फोन लागतो. आणि आपोआप येणारी सही आठवणीने पुसावी.

विषयाच्या ओळीत पूर्ण नाव असावं. हे किरकोळ वाटतं, पण निरोपाचा मेल खरा उपयोगी पडतो तो दीड-दोन वर्षांनी, कुणाला तरी जुन्या प्रकल्पाबद्दल विचारायचं असतं किंवा नव्या नोकरीसाठी ओळख हवी असते तेव्हा. तो माणूस मेलबॉक्समध्ये नावानेच शोधतो. नुसत्या ‘लास्ट वर्किंग डे’ने शोधलं तर गेलेल्या पन्नास जणांची रांग समोर उभी राहते.

राहिले आभार. सरकारी कार्यालयात सेवापूर्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ घेऊन माणूस उभा राहतो आणि ‘सर्वांचे मोलाचे सहकार्य लाभले’ म्हणतो; तिथे ते शोभतं, कारण ऐकणारे समोर बसलेले असतात आणि बोलणारा ज्याच्याकडे बघतो त्याला बरोबर कळतं. मेलमध्ये ही नजर नसते. तिथे तेच वाक्य कुणाचंच राहत नाही.

समजा, पगाराचं सॉफ्टवेअर तपासणारी एक टेस्टर सहा वर्षांनी नोकरी सोडते आहे. पहिल्या खर्ड्यात ती लिहिते, ‘पेरोल टीमच्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.’ दुसऱ्यांदा जरा आठवून लिहिते : ‘मार्चअखेरच्या रिलीजच्या आदल्या रात्री कराचा आकडा जुळत नव्हता. तुम्ही घरी पोचला होतात, तरी परत लॉगिन केलंत आणि गेल्या वर्षीचा स्लॅब तसाच राहिलाय हे शोधून काढलंत. तेव्हापासून मी आधी डेटा बघते, मग बाकीचं.’ यात प्रसंग आहे, त्या व्यक्तीने काय केलं ते आहे आणि त्यामुळे हिच्यात काय बदललं तेही आहे. चार ओळींत आभार खरे झाले.

पण हेच सगळ्या ऑफिसला पाठवलं तर? जुना स्लॅब कुणाच्या तरी हातून राहिला होता आणि तो माणूस अजून तिथेच नोकरीला आहे. म्हणून तिसऱ्या खर्ड्यात ती मेलचे दोन भाग करते. सगळ्यांच्या मेलमध्ये नाव घालून एवढंच लिहिते, ‘मार्चअखेरच्या त्या रात्री आकडा जुळेपर्यंत तुम्ही माझ्याबरोबर जागलात, ते विसरणार नाही.’ स्लॅबची गोष्ट त्या व्यक्तीला वेगळ्या मेलमध्ये जाते. कुणाच्या आजारपणात, घरच्या अडचणीत झालेल्या मदतीचंही असंच करावं. मदत घेणाऱ्याला ती सांगावीशी वाटते, पण करणाऱ्याची किंवा तिसऱ्याच कुणाची खासगी गोष्ट त्यात उघडी पडू शकते.

नावं किती घ्यावीत? सगळ्यांच्या मेलमध्ये पाच-सहा पुरे. वीस नावं घेतली की एकविसावा रुसतो. पाचच घेतली की यादी अपुरी आहे हे सगळ्यांना दिसतं आणि कुणी मनावर घेत नाही. बाकीच्यांना दोन-दोन ओळींचे वेगळे मेल जावेत. हे काम शेवटच्या दिवशी होत नाही, आठवडाभर आधी सुरू करावं लागतं. क्लायंटला मात्र परस्पर काही पाठवू नये. तो निरोप मॅनेजरला सांगून, वैयक्तिक पत्ता न देता जावा. नोकरीच्या करारात क्लायंटशी पुढे व्यवहार न करण्याची अट अनेकदा असते, आणि साधा निरोपही तिकडे वेगळ्या नजरेने वाचला जातो. क्लायंटचे पत्ते गठ्ठ्याने स्वतःच्या जीमेलवर पाठवणं तर कटाक्षाने टाळावं.

मनात राग असेल तर? मग अमेरिकेतल्या ग्रुपॉन कंपनीचे संस्थापक अँड्र्यू मेसन यांचं पत्र पाहण्यासारखं आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांना मुख्याधिकारी पदावरून काढलं. कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्राची सुरुवात त्यांनी नेहमीच्या थाटात केली, आता घरच्यांना जास्त वेळ द्यायचाय म्हणून जातोय. आणि लगेच पुढे सांगितलं की ही थट्टा होती, आज मला काढून टाकलं. कंपनीचे ढासळलेले आकडे आणि शेअरचा भाव सांगून जबाबदारी स्वतःवर घेतली, दोष कुणाला दिला नाही. हे पत्र त्यांनी स्वतःच जाहीर केलं, कारण नाही तरी ते बाहेर फुटणारच, असं त्यांनी त्यातच म्हटलं होतं. हे त्यांनी ओळखलं, ते प्रत्येक निघणाऱ्याने ओळखावं. सगळ्यांना गेलेला मेल फॉरवर्ड व्हायला एक क्लिक पुरते, आणि पुढच्या नोकरीसाठी पार्श्वभूमी तपासणीचा फोन याच ऑफिसात येणार असतो.

एक मोठा गट मात्र या मेलच्या कक्षेत येतच नाही. हाउसकीपिंगच्या मावशी, गेटवरचे वॉचमन, कॅन्टीनवाले, रात्री घरी सोडणारे कॅबचे दादा ही माणसं बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराकडची असतात, त्यांना कंपनीचा मेल आयडीच नसतो. त्यांचे आभार तोंडानेच मानावे लागतात, तेही सकाळपाळीची माणसं निघून जाण्याआधी.

ज्यांची नोटीस सध्या चालू आहे, त्यांनी एचआरला आजच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : आयडी नेमका किती वाजता बंद होणार, आणि सगळ्यांच्या पत्त्यावर मेल पाठवायची परवानगी कुणाकडे आहे. केकचं टीम बघून घेईल.