दोन दोर आणि एक कर्ण

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणारी आपली माणसे दोन दोर बांधून अवजड मशीन सरकवतात, तेव्हा ती सदिशांची बेरीजच करीत असतात. कागदावरील आकृती बरोबर आहे की नाही, हे कसे पडताळावे ते अशाच एका उदाहरणाने पाहू.

मशीनच्या एकाच हुकाला दोन दोर आहेत. एक पूर्वेकडे 300 न्यूटनने ओढतो, दुसरा त्याच्याशी 60 अंशांचा कोन करून उत्तरेच्या बाजूला 400 न्यूटनने. एक सेंटिमीटर म्हणजे 50 न्यूटन धरल्यास बाण 6 आणि 8 सेंटिमीटरचे होतात. दोन्ही बाणांच्या शेपट्या एकाच बिंदूवर ठेवून समांतरभुज चौकोन पुरा करा. त्या सामाईक बिंदूतून निघणारा कर्ण 12.2 सेंटिमीटर भरतो, म्हणजे परिणामी बल सुमारे 608 न्यूटन. पूर्वेशी त्याचा कोन सुमारे 35 अंश येतो.

घाईत पुष्कळ मुले दुसरा कर्ण काढतात. तो 7.2 सेंटिमीटर भरतो आणि दोन बाणांची टोके जोडतो. ती बेरीज नव्हे, वजाबाकी. त्रिकोण काढताना हीच चूक वेगळ्या वेषात येते. पहिल्या बाणाच्या टोकाशी दुसऱ्याची शेपूट ठेवल्यावर त्रिकोणातील कोन 120 अंशांचा होतो, कारण 60 अंश हा पहिला बाण पुढे वाढविला असता होणारा कोन आहे. आतच 60 अंश घेतले की पुन्हा 7.2 सेंटिमीटर हाती येतात.

आता दिशा. परिणामी बाण पहिल्या बाणाच्या शेपटीपासून शेवटच्याच्या टोकापर्यंत जातो. तिन्ही बाण एकामागून एक गोल फिरत असतील, तर तिसरा बाण उलटा पडला आहे. तो बाण मशीन जागीच रोखून धरणाऱ्या तिसऱ्या ओढीचा आहे. तिची लांबी तेवढीच, दिशा मात्र विरुद्ध. परीक्षेत इथे हमखास गुण जातात.

आणखी एक पडताळणी मला फार उपयोगी वाटते. दोन्ही मूळ बाणांच्या टोकांपासून कर्णावर लंब टाका. ते कर्णाच्या दोन बाजूंना आणि समान लांबीचे आले पाहिजेत. आपल्या आकृतीत दोन्ही 3.4 सेंटिमीटर येतात. आडव्या ओढी एकमेकींना खोडतात, असा त्याचा अर्थ. म्हणूनच कर्ण मोठ्या बलाकडे झुकतो: 400 च्या दोरापासून 25 अंश, 300 च्या दोरापासून 35 अंश. तो बरोबर मध्ये, 30 अंशांवर आला असेल, तर कोन नुसता दुभागला गेला आहे. दोन्ही बले सारखी असतील तेव्हाच ते चालते.

दोर मशीनच्या दोन कोपऱ्यांना बांधले असतील तर मात्र एवढ्यावर भागत नाही. परिणामी बल तेवढेच व त्याच दिशेने राहते, पण ते कोणत्या रेषेवर लागते हे दोन्ही दोरांच्या रेषा वाढवून, त्या जिथे छेदतात तिथे पाहावे लागते. ती रेषा मशीनच्या मध्यापासून दूर गेली की मशीन सरकता सरकता वळू लागते.