‘नेट बंद आहे’ म्हणजे नेमकं काय बंद आहे?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या स्वागत कार्यक्रमात शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी माईकपाशी आली आणि तिनं थेट विचारलं, “होस्टेलमध्ये वायफायची खूण पूर्ण दिसते, पण पान उघडत नाही, असं कोणाकोणाचं झालंय?” जवळपास सगळे हात वर गेले. “मग ‘नेट बंद आहे’ म्हणणं आजपासून सोडा. कोणता थर बंद आहे, ते शोधायला शिका.”

पुस्तकात ओएसआय मॉडेलचे सात थर असतात. ते प्रमाण म्हणून १९८४ मध्ये आलं. इंटरनेट मात्र टीसीपी/आयपीवर चालतं, आणि त्याचे साधारण चार थर मानले जातात. तिनं तेच घेतले, हे मला पटलं. सर्वांत खाली लॅपटॉप ते राऊटर एवढाच दुवा. त्यावर आयपी, म्हणजे एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात पाकिटं पोचवणं. त्यावर टीसीपी, म्हणजे हरवलेलं पुन्हा मागवणं आणि सगळं क्रमानं लावणं. सर्वांत वर ब्राउझरसारखी ॲप्स. प्रत्येक थर वरून आलेल्या मजकुरापुढे आपला मथळा जोडतो आणि आत काय आहे ते पाहत नाही. म्हणूनच वायफाय सोडून मोबाईल डेटावर गेलं तरी ब्राउझर बदलावा लागत नाही.

मग तिनं लॅपटॉप पडद्याला जोडला आणि बिघाड खालून वर शोधून दाखवला. वायफायची खूण आहे, म्हणजे दुवा जुळलेला आहे. विंडोजवर `ipconfig` दिल्यावर पत्ता `169.254` नं सुरू झाला, तर राऊटरनं पत्ता दिलेलाच नाही; यंत्रानं तो स्वतःच घेतलाय. अशा वेळी पुढं काही तपासण्यात अर्थ नाही. पत्ता नीट असेल, तर हे दोन आदेश:

```
ping 8.8.8.8
ping wikipedia.org
```

“पहिल्याला उत्तर आलं, म्हणजे पाकिटं बाहेर जाऊन परत येताहेत. दुसऱ्याला ‘could not find host’ आलं, तर रस्ता ठीक आहे, फक्त नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडलीय.” डीएनएस सर्वांत वरच्या थरात मोडते, त्यामुळे इथं राऊटर बंद-चालू करण्याआधी सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस सर्व्हर देऊन पाहावा.

एका मुलानं विचारलं, “ताई, पहिल्यालाच उत्तर नाही आलं तर रस्ता बंद?” तसं लगेच म्हणता येत नाही, असं तिनं सांगितलं. कित्येक संस्थांची फायरवॉल `ping` मुद्दाम अडवते. आधी आपल्याच राऊटरचा, `ipconfig` मध्ये ‘Default Gateway’ पुढे दिसणारा पत्ता `ping` करावा. तिथून उत्तर आलं, तर निदान खोलीतला दुवा धड आहे, आणि वॉर्डनकडे तक्रार नेताना ती बाहेरच्या जोडणीची म्हणून न्यावी.