वास्तुरचना निवेदनाचा चिनी अनुवाद

वास्तुरचना निवेदन म्हणजे एखाद्या इमारतीमागील कल्पना, तिचे साहित्य आणि तिची संरचना स्पष्ट करणारा, वास्तुविशारदाने लिहिलेला लघुलेख होय. अशा निवेदनात काव्यात्म वर्णन आणि तांत्रिक विधान एकाच वाक्यात येतात. चिनी भाषेत अनुवाद करताना कोणता शब्द प्रतिमा म्हणून आला आहे आणि कोणता बांधकामाची वस्तुस्थिती सांगतो, हे प्रथम ठरवावे लागते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कोपरगाव येथील माया सोमय्या ग्रंथालय हे या प्रश्नाचे उपयुक्त उदाहरण आहे.

उदाहरणाची पार्श्वभूमी

कोपरगावच्या शारदा शाळेच्या आवारातील हे ग्रंथालय समीप पडोरा अँड असोसिएट्स या संस्थेने रचले असून ते २०१८ मध्ये पूर्ण झाले. त्याचे छत पातळ, चपट्या विटांचे असून ते जमिनीपासून वर चढते. त्यामुळे विद्यार्थी छताखाली वाचतात आणि छतावरून चालतही जातात. हे बांधकाम स्पेनमधील कातालान पद्धतीवर आधारलेले आहे. या पद्धतीत पातळ विटांचे थर एकमेकांवर सपाट बसवतात आणि वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येऊ देत नाहीत. वीट दाब चांगला सोसते, परंतु ताण फारसा सोसत नाही. म्हणून छताला असा आकार दिला जातो की, भार शक्यतो दाबाच्या रूपानेच जमिनीपर्यंत पोहोचावा.

पुढील विवेचनासाठी एक नमुनावाक्य घेतले आहे. ते मूळ निवेदनातील नाही. ‘पातळ टाइलांचे छत वाचकांवर तरंगते आणि त्याच्या प्रत्येक बिंदूत केवळ दाब आहे.’

साहित्यवाचक शब्द

मराठीत छपरावरचे कौल, जमिनीवरची फरशी आणि भिंतीतील वीट या वेगळ्या वस्तू आहेत. इंग्रजीच्या वळणाने आलेला ‘टाइल’ हा एकच शब्द हा भेद पुसून टाकतो. चिनी भाषा मात्र तो पाळते. ‘वा’ म्हणजे कौल, ‘त्सझुआन’ म्हणजे चकाकीची लादी आणि ‘झुआन’ म्हणजे वीट. येथे ‘बाओझुआन’, म्हणजे पातळ वीट, हा शब्द योग्य ठरतो. ‘वा’ वापरल्यास वाचकाला कौलारू छप्पर दिसेल, तर ‘त्सझुआन’ वापरल्यास वरून लावलेला शोभेचा थर दिसेल.

क्रियापदानेही हाच भेद ठरतो. विटा रचून बांधण्यासाठी ‘छी’ हे क्रियापद आहे, तर पृष्ठभागावर चिकटवण्यासाठी ‘थ्ये’. सपाट बसवलेल्या विटा चिकटवल्यासारख्या दिसतात, म्हणून दुसऱ्या क्रियापदाचा मोह होतो. परंतु या विटा स्वतःच भार पेलतात, त्यामुळे ‘छी’ हेच आवश्यक आहे.

प्रतिमा आणि संरचना

‘तरंगते’ ही प्रतिमा आहे. तिच्यासाठी ‘श्वेनफू’, म्हणजे अधांतरी तरंगणे, हा शब्द चालतो. त्याच्या जवळचा ‘श्वेनग्वा’ हा शब्द मात्र टांगण्याचा अर्थ देतो. टांगलेल्या वस्तूच्या आधारात ताण असतो. त्यामुळे तो शब्द वाचणारा अभियंता छताला धरून ठेवणाऱ्या सळ्या किंवा दोऱ्या शोधू लागेल, आणि वाक्याच्या उत्तरार्धातील विधान त्याला खोटे वाटेल. शिवाय हे छत जमिनीला टेकलेले आहे. म्हणून ‘छिंगयिंग’, म्हणजे हलके व डौलदार, हे विशेषण अधिक सुरक्षित आहे. ते दृश्यपरिणाम सांगते, पण आधाराविषयी काहीही सुचवत नाही.

‘दाब’ या शब्दाबाबत परिस्थिती उलट आहे. नेहमीच्या चिनी भाषेत ‘याली’ हा शब्द दाबासाठी येतो, पण त्यातून मनावरचे दडपणही सूचित होते. संरचनेत एखादा भाग दाबाखाली आहे असे सांगण्यासाठी ‘शौया’ ही संज्ञा आहे. ‘केवळ’ हा शब्दही गाळता येत नाही, कारण संपूर्ण विधानाचा अर्थ त्यावरच उभा आहे.

वाक्यरचना

मराठीप्रमाणे चिनी भाषेतही विशेषणे नामाआधी येतात. त्यामुळे साहित्य, प्रतिमा आणि संरचना ही तिन्ही एका नामासमोर रचल्यास वाक्य जड होते. म्हणून ते तीन छोट्या उपवाक्यांत विभागतात. नमुनावाक्याच्या चिनी रूपाचा आशय असा होतो : ‘पातळ विटा रचून बांधलेले वक्र छत, जमिनीतून हलकेच वर येते, सर्वत्र केवळ दाबाखाली राहते.’ मधल्या उपवाक्यात काव्य राहते, तर पहिल्या व शेवटच्या उपवाक्यांत एकही अलंकार नसतो. या मांडणीत ‘तरंगते’ हा शब्द गमावावा लागतो.

पडताळणी

अनुवाद छेद-आराखड्याशेजारी ठेवून वाचतात. प्रत्येक साहित्यवाचक नामाला आराखड्यात एक वस्तू आणि प्रत्येक संरचनावाचक शब्दाला एक आधार सापडला पाहिजे. त्यानंतर मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीला चिनी मजकुरावरून छेदाचे कच्चे रेखाटन करण्यास सांगतात. तिने छत खांबांवर सपाट ठेवले किंवा वरून टांगले, तर चूक बहुधा छताच्या नामात किंवा क्रियापदात असते. प्रतिमेचा सूर मात्र या कसोटीने तपासता येत नाही. त्यासाठी चिनी मातृभाषक वाचकच लागतो.