‘ड’ जीवनसत्त्वाचं पाकीट जेवणानंतरच का?

रक्ततपासणीत ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघालं की डॉक्टर आठवड्याला एक याप्रमाणे ६०,००० युनिटची पाकिटं लिहून देतात आणि ‘जेवणानंतर, दुधातून घ्या’ असं सांगतात. पोटाला त्रास होऊ नये म्हणून हे पथ्य सांगितलं असावं, असा पुष्कळांचा समज असतो. मग सकाळच्या घाईत पाकीट उपाशीपोटी पाण्यातून घेतलं जातं. खरं कारण पोटाच्या त्रासाचं नसून ते औषध रक्तापर्यंत पोचण्याचं आहे. ‘अ’, ‘ई’ आणि ‘के’ या जीवनसत्त्वांनाही तेच कारण लागू पडतं. याबद्दल नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न इथे घेतले आहेत.

पावडर पाण्यात छान विरघळते. मग पाण्यातून घेतलं तर काय बिघडलं?

विरघळते ती बहुतांशी साखर. पाकिटात साधारण एक ग्रॅम पावडर असते आणि ६०,००० युनिट म्हणजे वजनाने फक्त दीड मिलिग्रॅम. हे दीड मिलिग्रॅम पाण्यात विरघळलेलं नसतं, बारीक कणांच्या रूपात नुसतं पसरलेलं असतं. ‘ड’चा रेणू जवळजवळ सगळा कार्बन आणि हायड्रोजनचा बनलेला आहे. असे रेणू तेलातुपात सहज मिसळतात, पाण्याशी मात्र त्यांचं जमत नाही.

आतड्यात तर सगळं पाणीच असतं. शिवाय आतड्याच्या अस्तराला लागून पाण्याचा आणि चिकट स्रावाचा एक पातळ थर असतो. आतडं कितीही घुसळलं गेलं तरी हा थर फारसा हलत नाही. ‘ब’ गटातली जीवनसत्त्वं आणि ‘क’ पाण्यात विरघळतात, त्यामुळे त्यांना हा थर आडवा येत नाही. ‘ड’ला येतो. पेशीपर्यंत पोचायचं तर तो ओलांडावाच लागतो आणि एकट्याने ते जवळपास अशक्य आहे.

मग जेवणातलं तेल-तूप नेमकं काय करतं?

एखाद्या दुपारचं जेवण डोळ्यांसमोर आणा. भाकरी, फोडणीचं पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि शेवटी दुधातून पाकीट. जठरात हे सगळं घुसळलं जातं, तेलाचे लहान लहान थेंब होतात आणि ‘ड’ त्या थेंबांमध्ये शिरतं. जठर स्निग्ध अन्न पुढे सोडताना घाई करत नाही. थोडं थोडं करून ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरतं.

इथे खरी गोष्ट सुरू होते. स्निग्ध पदार्थ आल्याचं या भागातल्या काही पेशींना कळतं आणि त्या कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. या संप्रेरकामुळे पित्ताशय आकसतं, पित्तनलिकेच्या तोंडाची झडप सैल पडते आणि स्वादुपिंडाचा पाचकरसही सुटतो. पित्त म्हटलं की आपल्याला आंबट ढेकर आठवतात, पण ते जठरातलं आम्ल. हा पित्तरस यकृतात तयार होतो आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळात पित्ताशयात साठून दाट होतो. साठा फार तर ३० ते ५० मिलिलिटरचा, म्हणजे छोट्या वाटीभरही नाही.

या रसातले कामाचे घटक म्हणजे पित्तक्षार. पित्तक्षाराच्या रेणूची एक बाजू पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरी तेलाकडे. तुपकट भांड्यावर साबण जे करतो तेच पित्तक्षार तेलाच्या थेंबाचं करतात. थेंब फुटून आणखी बारीक होतात आणि पुन्हा एकत्र येत नाहीत. मग स्वादुपिंडातून आलेलं लायपेज हे विकर तेलाच्या रेणूचे तुकडे करतं. एका रेणूपासून दोन मेदाम्लं सुटी होतात आणि एक मोनोग्लिसराइड उरतं.

आता हे तुकडे, पित्तक्षार आणि पित्तातलंच लेसिथिन मिळून अतिसूक्ष्म गोळे बनतात. त्यांनाच मायसेल म्हणतात. एका मायसेलची रुंदी ४ ते ८ नॅनोमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीत असे दहा हजारांच्या आसपास गोळे ओळीने बसतील. बाहेरची बाजू पाण्याशी जुळणारी आणि आतला गाभा स्निग्ध. ‘ड’ या गाभ्यात बसतं आणि अस्तरालगतचा तो पाणथर पार करतं. पेशीजवळ पोचल्यावर मायसेल स्वतः आत जात नाही. आतला माल मोकळा होऊन पेशीत शिरतो आणि पित्तक्षार पुढे वाहत जातात. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात त्यांतले सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषले जाऊन यकृताकडे परततात. तेच पित्तक्षार दिवसातून अनेक वेळा वापरले जातात.

तेव्हा जेवणातला स्निग्ध पदार्थ दोन कामं करतो. एक म्हणजे पित्त सोडायला लावतो. दुसरं काम तितकंच मोठं आहे, पण त्याची चर्चा कमी होते. पचलेल्या तेलाचे तुकडे मायसेलमध्ये सामील झाले की त्याचा गाभा मोठा होतो आणि जीवनसत्त्वाला जागा मिळते. नुसत्या पित्तक्षारांचे मायसेल बनतात, पण ते लहान असतात आणि त्यांत फार काही मावत नाही.

पेशीत शिरलं की लगेच रक्तात जातं का?

नाही. आतड्याच्या पेशीत मेदाम्लं आणि मोनोग्लिसराइडं पुन्हा जोडली जातात आणि जीवनसत्त्वासह त्यांचे कायलोमायक्रॉन नावाचे कण बनतात. हे कण रक्तवाहिन्यांत न जाता लसीकावाहिन्यांत जातात, छातीतून वर चढतात आणि डाव्या खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत रक्ताला मिळतात. या वळशाला वेळ लागतो. म्हणूनच रक्तातलं ‘ड’चं प्रमाण मोजायचं तर संशोधक तासाभराने मोजून थांबत नाहीत, कित्येक तासांनंतरही मोजतात.

फरक पडतो तरी किती?

बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. पन्नास निरोगी, वयस्क स्त्री-पुरुषांना ‘ड’ची ५०,००० युनिटची एकच मात्रा न्याहारीबरोबर दिली. काहींची न्याहारी जवळपास मेदविरहित होती, इतरांच्या न्याहारीतले ३० टक्के उष्मांक स्निग्ध पदार्थांतून येत होते. बारा तासांनी स्निग्ध न्याहारीवाल्यांच्या रक्तातलं ‘ड’ सरासरी ३२ टक्के जास्त भरलं.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. फायदा ठळक आहे, पण मेदविरहित न्याहारीबरोबरही बरंचसं ‘ड’ शोषलं गेलं. पित्त थोडं थोडं तर सतत झिरपतच असतं. म्हणून चुकून उपाशीपोटी पाकीट घेतलं तर ते वाया गेलं असं समजून दुसरं घेऊ नये. ही जीवनसत्त्वं शरीरात साठून राहतात. आठवड्याचं पाकीट रोज घेतलं गेल्यामुळे रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, खूप तहान, भ्रम आणि मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण डॉक्टरांना पाहावे लागतात.

भाज्यांच्या बाबतीत तर फरक आणखी मोठा आहे. गाजरातलं कॅरोटीन शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व बनतं, पण ते भाजीच्या पेशींत अडकलेलं असतं. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात २००४ साली झालेल्या प्रयोगात मेदविरहित ड्रेसिंग घातलेल्या कच्च्या सॅलडमधून कॅरोटिनॉइडं जवळजवळ शोषलीच गेली नाहीत. ड्रेसिंगमध्ये तेल आल्यावर ती शोषली गेली. आपल्या गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट असतं आणि वरून फोडणी असते. वजनाच्या धास्तीने या दोन्ही गोष्टी काढून टाकणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

मग तूप जितकं जास्त तितकं चांगलं?

मुळीच नाही. साध्या जेवणातली फोडणी किंवा चमचाभर तूप एवढ्यावर काम भागतं. एक छोटा चमचा तेल म्हणजे साधारण ५ ग्रॅम. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर टोन्ड दुधात सुमारे ६ ग्रॅम स्निग्धांश असतो. साय काढलेल्या स्किम्ड दुधात तो जवळपास नसतोच, म्हणून ‘दुधातून घ्या’ या सूचनेचा अर्धा हेतू त्या दुधाने फसतो. ‘ड’ तेलात मिसळून भरलेली मऊ कॅप्सूल मिळते, पण तिच्यातलं तेल अगदी थोडं असतं. तीही जेवणानंतरच घेतलेली बरी.

स्निग्ध पदार्थ पचणारा हवा, हेही महत्त्वाचं आहे. बद्धकोष्ठावर दिलं जाणारं लिक्विड पॅराफिन दिसायला तेलच असतं, पण लायपेज त्याचे तुकडे करू शकत नाही. जीवनसत्त्वं त्यात विरघळतात आणि त्याच्याबरोबर शौचावाटे बाहेर पडतात. ते नियमित घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा. वजन कमी करण्यासाठीचं ऑर्लिस्टॅट लायपेजलाच रोखतं, तिथेही हीच अडचण येते.

आणि पित्त आतड्यात पोचलंच नाही तर?

पित्ताशय काढलेल्यांनी घाबरायचं कारण नाही. यकृत पित्त बनवतच राहतं, फक्त ते न साठता थेट आतड्यात उतरतं आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. प्रश्न येतो तो खडा किंवा गाठ यांमुळे पित्तनलिकाच बंद झाली तर. मग जेवणात कितीही तूप असलं तरी पुरेसे मायसेल बनत नाहीत. शरीरात ‘के’चा साठा थोडा असतो, म्हणून त्याचा तुटवडा लवकर जाणवतो आणि रक्त गोठायला वेळ लागू लागतो.

अशा काविळीच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केली की रक्तस्राव थांबत नसे, हे शल्यविशारदांना पूर्वीपासून माहीत होतं, पण कारण उमगत नव्हतं. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम यांना मेदविरहित खाद्यावर वाढवलेल्या कोंबडीच्या पिल्लांत असाच रक्तस्राव दिसला. त्यातून १९३५ साली ‘के’ जीवनसत्त्वाला नाव मिळालं आणि डाम यांना पुढे १९४३ चं नोबेल पारितोषिक. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी काविळीच्या रुग्णांना ‘के’ तोंडाने दिलं, पण सोबत पित्तक्षारही दिले आणि रक्त गोठू लागलं. आज अशा रुग्णाला ‘के’चं इंजेक्शन देतात, म्हणजे आतड्याची वाटच टाळतात. प्रोथ्रॉम्बिन टाइम ही तपासणी इंजेक्शननंतर सुधारली तर दोष पित्ताच्या वाटेत होता असं समजतं. सुधारली नाही तर यकृतच आजारी असण्याची शक्यता असते.

पित्त अडल्याची खूण घरीही दिसते. शौचाचा नेहमीचा रंग पित्तामुळेच येतो. पित्त अडलं की शौच चिकणमातीसारखं फिकट होतं, लघवी गडद होते आणि डोळे पिवळे दिसतात. तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकून असेल आणि शी पांढुरकी होत असेल तर कोवळ्या उन्हात धरून वाट पाहू नका. पित्तनलिका जन्मतःच बंद असण्याची शक्यता असते, अशा बाळाला ‘के’ कमी पडून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि त्यावरची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त असते. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि बाळाची शी सोबत न्या किंवा तिचा फोटो काढून दाखवा.