अत्यार्तवजन्य रक्तक्षय

अत्यार्तवजन्य रक्तक्षय म्हणजे मासिक पाळीत दीर्घकाळ अतिरिक्त रक्तस्राव होत राहिल्यामुळे शरीरातील लोह संपून उद्भवणारा रक्तक्षय (ॲनिमिया) होय. पहिल्या पाळीनंतरच्या काही वर्षांत तो विशेष आढळतो. निस्तेज त्वचा, जिना चढताना लागणारी धाप, धडधड आणि थकवा ही त्याची प्रमुख लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गर्भवती नसलेल्या किशोरवयीन मुलीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तिला रक्तक्षय आहे असे मानतात.

## लोहाचा जमाखर्च

सामान्य पाळीत साधारणतः ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते; ८० मिलिलिटरपेक्षा अधिक स्रावास अत्यार्तव म्हणतात. प्रत्यक्षात रक्त कोणी मोजत नाही. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, रात्री त्यासाठी उठावे लागणे, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गुठळ्या पडणे किंवा स्राव सात दिवसांहून अधिक चालणे यांवरून तो ओळखला जातो. घरातील इतर स्त्रियांनाही असाच त्रास असल्यास मुलीला तो स्वाभाविक वाटतो आणि निदान लांबते.

एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. उदाहरणादाखल, १३ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचे दर पाळीत १२० मिलिलिटर रक्त जाते असे धरल्यास, त्याबरोबर सुमारे ५३ मिलिग्रॅम लोह जाते. २८ दिवसांवर विभागल्यास ते रोजचे १.९ मिलिग्रॅम होते. त्वचा व आतड्यांतून रोज जाणारे सुमारे एक मिलिग्रॅम आणि वाढीसाठी लागणारे लोह यांची त्यात भर पडते. आतडे मात्र सामान्यतः आहारातून दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम लोहच शोषते. रोजची तूट एक मिलिग्रॅमहून अधिक राहिल्यास २०० मिलिग्रॅमचा साठा सात महिन्यांच्या आत रिता होतो.

या काळात हिमोग्लोबिन बराच काळ ठीक दिसते, कारण आधी साठा वापरला जातो. म्हणून रक्तातील फेरिटिन सर्वप्रथम उतरते. साठा संपल्यावर अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या तांबड्या पेशी लहान व फिकट होतात आणि मगच हिमोग्लोबिन घटू लागते. ते ७ ग्रॅमपर्यंत उतरले की तेवढ्याच रक्तस्रावात सुमारे २९ मिलिग्रॅमच लोह जाते. त्यामुळे घसरण मंदावते. स्राव मात्र कमी झालेला नसतो.

## निस्तेजपणा व धाप

एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. १३ ग्रॅम असताना १०० मिलिलिटर रक्त सुमारे १७ मिलिलिटर प्राणवायू नेते. ७ ग्रॅमवर ते प्रमाण ९ च्या आसपास येते. ही उणीव हृदय अधिक रक्त ढकलून भरून काढते. विश्रांतीच्या वेळी तेवढे पुरते. धावताना मात्र ही राखीव क्षमता लवकर संपते, स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते आणि श्वास जलद होतो. फुप्फुसे निरोगी असतात, म्हणूनच बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवू शकतो: उपलब्ध हिमोग्लोबिन किती भरलेले आहे हे तो सांगतो, ते किती आहे हे नाही.

सावळ्या वर्णात चेहऱ्यावरून निस्तेजपणा सहज कळत नाही. खालच्या पापणीची आतील बाजू, जीभ आणि तळहात पाहावे लागतात. घसरण मंद असल्याने शरीर तिच्याशी जुळवून घेते, आणि हिमोग्लोबिन बरेच खाली गेले तरी मुलगी शाळेत जात राहते.

## मूळ कारण

पहिल्या एक-दोन वर्षांत अनेक पाळ्या अंडमोचनाविना येतात. अशा वेळी प्रोजेस्टेरॉनच्या अभावी गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते व अनियमितपणे गळते. परंतु पहिल्या पाळीपासूनच स्राव अतोनात असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल किंवा दात काढल्यावर ते लवकर थांबले नसेल, तर रक्त गोठण्याच्या दोषाचा शोध घ्यावा लागतो. त्यांतील व्हॉन विलेब्रँड रोगाचे वर्णन फिनलंडमधील डॉक्टर एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये केले. त्यांनी अभ्यासलेली ऑलंड बेटांवरील मुलगी वयाच्या तेराव्या वर्षी, चौथ्याच पाळीतील रक्तस्रावाने दगावली.

## उपचार

तोंडावाटे लोह दिल्यावर साधारण आठवडाभरात नव्या तांबड्या पेशी वाढू लागतात आणि महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने वाढणे अपेक्षित असते. ते सामान्य झाल्यावरही साठा भरण्यासाठी सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवतात. त्या चहासोबत घेतल्यास शोषण घटते. हिमोग्लोबिन वाढत नसल्यास गोळ्या घेतल्या जातात का, स्राव चालूच आहे का आणि मुळात थॅलेसेमियाची वाहकता तर नाही ना, हे पाहिले जाते. वाहकतेतही पेशी लहान असतात, पण फेरिटिन सहसा कमी नसते.

भारतातील शाळांतून आठवड्याला दिली जाणारी ६० मिलिग्रॅम लोहाची निळी गोळी प्रतिबंधासाठी आहे. जडलेला रक्तक्षय भरून काढण्यास ती पुरेशी नसते. रक्तस्राव आटोक्यात आणण्यासाठी ट्रॅनेक्झामिक आम्ल किंवा संप्रेरकांच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने देतात. गोठण्याचा दोष असल्याची शंका असताना पोटदुखीसाठी ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन टाळतात, कारण त्यांनी बिंबाणूंचे कार्य मंदावून स्राव वाढू शकतो. बसल्या जागी धाप लागणे, चक्कर येऊन पडणे किंवा सलग काही तास दर तासाला पॅड भिजणे या स्थितीत तातडीने रुग्णालयात न्यावे लागते व प्रसंगी रक्त द्यावे लागते.