आजीच्या मोजक्या फोटोंना आवाज देताना

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर आजीच्या स्मरणाचा व्हिडिओ करायला बसलं, की पहिली अडचण येते ती फोटोंचीच. आजी ऐंशी वर्षं जगली, पण तिचे फोटो बोटांवर मोजण्याइतके. त्यातलेही निम्मे सरकारी कागदांसाठी काढलेले. फोटो असलेलं मतदार ओळखपत्र १९९३ मध्ये आलं, आधार कार्डांचं वाटप सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभली गावातून सुरू झालं. अनेक घरांत आजीचा एकटीचा पहिला फोटो अशाच एखाद्या कागदावर असतो: डोक्यावर पदर, नजर समोर, चेहरा अवघडलेला. तो वाईट आला म्हणून पुष्कळ जण वगळतात. मला तो ठेवावासा वाटतो. ज्या बाईला पन्नाशीपर्यंत कोणी कॅमेऱ्यासमोर एकटं उभं केलं नव्हतं, तिचा तो अवघडलेपणा खरा आहे.

निवेदन लिहिण्याआधी फोटोंचा क्रम लावावा लागतो. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत छापलेली तारीख असली, तरी तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नये. कॅमेऱ्यातली बॅटरी बदलल्यावर तारीख नीट लावली नसेल, तर ती चुकीचीच छापली जाते. त्यापेक्षा कडेवरच्या मुलाचं वय पाहावं. बोहाड्याचे मुखवटे दिसत असतील, तर होळीच्या आसपासचे किंवा त्यानंतरचे दिवस धरावेत. कागदावर ‘जिल्हा ठाणे’ असेल तर तो बहुधा १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचा, कारण पालघर जिल्हा त्या दिवशी झाला.

आता समजा, हाती चारच फोटो आहेत: मुलाच्या लग्नातला, मतदार ओळखपत्रावरचा, नातीच्या आश्रमशाळेतला आणि शेवटच्या वर्षांत मोबाइलवर काढलेला. पहिल्यावर निवेदन असं जाईल: “हे काकांचं लग्न. मांडवाच्या कडेला, डावीकडून तिसरी, ती आजी. याआधीचा तिचा एकही फोटो आपल्याकडे नाही. तिचं लहानपण तिनं सांगितलं तेवढंच आपल्याला ठाऊक.” साडी, मांडव, गर्दी यांबद्दल एक अक्षरही नाही, कारण ते पडद्यावर दिसतंच आहे. गर्दीतली आजी कोणती, हे मात्र सांगावंच लागतं. तेवढं सांगून झाल्यावर चार-पाच सेकंद गप्प राहावं, म्हणजे बघणाऱ्याला तिचा चेहरा शोधता येतो.

लग्नानंतर ओळखपत्रापर्यंत काहीच नाही. ही मोकळी वर्षं बहुतेक निवेदनं घाईनं ओलांडतात, आणि इथेच आजीचं आयुष्य निसटतं. त्यांच्यावर निवेदन असं जाईल: “दिवाळी झाली की घराला कडी लावून सगळे जगायला जायचे, भिवंडीकडे वीटभट्टीवर. पावसाच्या तोंडावर परत. मग आवणी, मग नागली-वरईची राखण. या वर्षांत आजीचा फोटो कोणी काढला नाही.” या वाक्यांखाली दुसऱ्या कुणा बाईचा जुना फोटो लावू नये. आज दिसतं ते तिचं शेत दाखवावं आणि ते आजचं आहे असंही म्हणावं. आपल्या घरचे लोक जगायला गेले नसतील, तर ती वाक्यंही उसनी घेऊ नयेत. त्या वर्षांत आजी काय करायची, हे तिच्या धाकट्या बहिणीला किंवा जावेला विचारावं.

सहा मिनिटांच्या व्हिडिओला साडेतीनशे-चारशे शब्द पुरतात. शांत लयीत मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द बोलले जातात, म्हणजे दोन-अडीच मिनिटं आपोआप मोकळी राहतात. मजकूर जास्त झाला की वाचणारा धावू लागतो आणि आवाजातला मऊपणा जातो. पुस्तकी शब्दही तेच करतात. ‘त्यांनी अपार कष्ट उपसले’ असं कोणत्याही आजीबद्दल म्हणता येतं. ‘ती पहाटे नागली दळायची आणि आम्ही जात्याच्या आवाजानं उठायचो’ हे एकाच आजीचं असतं. आजीला घरात ‘ती’ म्हणत असाल, तर निवेदनातही ‘त्या’ करू नका. वाचायलाही तिच्या बोलीत वाढलेलं नातवंड घ्यावं.

पत्र्याखाली पावसात आवाज भरू नये, तो थेंबांचा मारा नंतर काढता येत नाही. उघाडीच्या रात्री, गोधड्या-कपडे असलेल्या खोलीत, मोबाइल तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला धरावा. गळा दाटून आला तर थांबावं, पाणी प्यावं आणि अख्खं वाक्य पुन्हा म्हणावं. अर्ध्यावरून जोडलेलं वाक्य कानाला कळतं.

पावसाळी ओलीनं काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, त्याचा रंगाचा थर काचेवरच राहतो. फ्रेमसकट दाराजवळच्या सावलीत ठेवून, फ्लॅश बंद करून, अगदी समोरून टिपा. आणि या दिवाळीला घरी जाल तेव्हा सुटे फोटो म्हाताऱ्या माणसांसमोर ठेवून नावं विचारा आणि ती मऊ पेन्सिलीनं मागे लिहून ठेवा.